फोन कोणता, ते विचारा की!

मोबाइलची कव्हरं विकणारी एखादी वेबसाइट घ्या. ग्राहकाच्या फोनचं मॉडेल कळल्याशिवाय तिचा धंदा चालणार नाही. ते कळण्याचे दोन मार्ग: ग्राहकाला विचारायचं, किंवा त्याच्या नकळत ब्राउझरकडून काढून घ्यायचं.

दुसरा मार्ग सोपा वाटतो, कारण कुठलंही पान उघडताना ब्राउझर आपली ओळख सांगणारी एक ओळ त्या साइटला पाठवतो. तिला ‘यूजर एजंट’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी अँड्रॉइड फोनवरच्या क्रोमकडून ती अशी जायची:

```
Mozilla/5.0 (Linux; Android 13; Pixel 7) AppleWebKit/537.36 (KHTML, like Gecko) Chrome/109.0.0.0 Mobile Safari/537.36
```

मॉडेल आयतंच हाती. पण पान नुसतं चाळून परतणाऱ्याचंही मॉडेल साइटच्या नोंदवहीत उतरतं, आणि त्याला पत्ता नसतो. नुसत्या मॉडेलनं काय बिघडतं? एकट्यानं फारसं नाही. बिघडतं ते जोड्यांमुळे. 2010 मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’च्या अभ्यासात दिसलं की ही ओळ सरासरी दहा बिट माहिती देते, म्हणजे साधारण हजारात एकाशी जुळते. तिला स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन यांसारखे तपशील जोडले, तर त्या पाहणीतले 80 टक्क्यांहून अधिक ब्राउझर एकमेवाद्वितीय ठरले. नाव न विचारता, कुकी न ठेवता माणूस पुन्हा ओळखता येतो, आणि ही खूण कुकीसारखी पुसताही येत नाही.

म्हणूनच 2023 पासून क्रोमनं ही ओळ बोथट केली. आता कुठल्याही अँड्रॉइड फोनवरून साधारण `Android 10; K` एवढंच जातं. खरं मॉडेल हवं असेल तर साइटला `Sec-CH-UA-Model` वेगळं मागावं लागतं. निदान कोण मागतंय ते ब्राउझरला कळतं. वापरणाऱ्याला मात्र अजूनही कुणी विचारत नाही. आयफोनच्या ओळीत मॉडेल कधीच नसायचं, आणि 2019 पासून आयपॅडवरची सफारी बहुतेक वेळा स्वतःला मॅक म्हणवते. म्हणजे गुपचूप काढलेली माहिती चुकीचीही निघते. शिवाय आईच्या फोनसाठी मुलगी स्वतःच्या फोनवरून कव्हर शोधत असेल, तर बरोबर ओळखूनही उत्तर चुकलंच.

विचारलं की हा घोळ संपतो. कंपनी निवडा, मॉडेल निवडा, शेजारी ‘सेटिंग्जमध्ये अबाउट फोन पाहा’ अशी सूचना. दोन जास्तीचे टॅप, काही ग्राहक कंटाळून जातीलही. पण विचारणाराही हावरट असू शकतो. मॉडेलच्या जोडीला मोबाइल नंबर आणि ईमेल सक्तीचे केले, तर त्या निनावी ओळीपेक्षा हा फॉर्म जास्त घातक, कारण आता मॉडेलला माणसाचं नाव चिकटलं.

तेव्हा साइट चालवणाऱ्यांनो, मॉडेल विचारा, कशासाठी ते सांगा आणि तिथंच थांबा. आणि वाचकहो, कव्हरसाठी कुणी आयएमईआय नंबर मागितला तर देऊ नका. कव्हर मॉडेलवर बसतं, आयएमईआय प्रत्येक फोनचा वेगळा असतो.