ऑनलाईन स्पोकन इंग्लिश शिकवताय? ‘आज जमणार नाही’चा हिशोब आधीच ठरवा

गावात बसून मोबाईलवर मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवता येतं. पण महिनाअखेरीस ताळमेळ बसत नाही, आणि त्याचं कारण बऱ्याचदा एकच असतं, ऐनवेळी आलेला मेसेज: ‘मॅडम, आज जमणार नाही.’

समजा तुमचे तीन विद्यार्थी आहेत. प्रत्येकाचे महिन्याला ८ तास, एका तासाचे २०० रुपये. म्हणजे ४,८०० रुपये. प्रत्येकाने दोनच तास बुडवले तरी १,२०० रुपये, म्हणजे पाव कमाई गेली. शिवाय ती वेळ तुम्ही राखून ठेवलेलीच होती.

म्हणून ८ तासांचे पैसे यूपीआयने आगाऊ घ्या आणि ते तास सहा आठवड्यांत संपवायचे असं ठरवा. १२ तास आधी कळवलं तर तास पुढे ढकलायचा. उशिरा कळवलं तर तास झाला असं धरायचं, पण ८ तासांत एक वेळ माफ. घरात आजारपण येतं, कापणीही निघते. तुमच्याकडची लाईट गेली तर तास तुम्ही भरून द्यायचा. रेंज कमी असेल तर आधी व्हिडिओ बंद करा, तरीही जमलं नाही तर साध्या फोनवर तास घ्या. हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर घ्या. नंतर सांगितलेला नियम भांडण वाटतो.

लागोपाठ दोन तास रद्द झाले तर फोन करून विचारा. अनेकदा अडचण कामाची नसते, चुकण्याची लाज वाटत असते. अशा वेळी धडा सोपा करा.

धडा असा बांधा: पाच मिनिटं मागची उजळणी, दहा मिनिटं पाच-सहा नवीन वाक्यं, वीस मिनिटं संवाद, शेवटची दहा मिनिटं चुका. संवाद चालू असताना टोकू नका, चुका वहीत टिपा. ‘आय डिड नॉट वेंट’, ‘डिस्कस अबाउट’ अशा चुका हमखास सापडतील. त्यातल्या तीनच घ्या आणि बरोबर वाक्य त्यांच्याच तोंडून तीनदा म्हणवून घ्या.

विद्यार्थी शोधताना ‘इंग्लिश क्लास सुरू’ एवढंच टाकू नका. ‘मेडिकल दुकानात किंवा हॉटेलच्या काउंटरवर काम करणाऱ्यांसाठी, रात्री ९ ते ९.४५’ असं लिहा. कामाचं नाव वाचलं की माणूस थांबतो. आधी वीस मिनिटांचा एक फुकट तास द्या आणि त्यात त्याला त्याच्या कामाचीच चार वाक्यं बोलायला लावा. ती जमली तर पुढच्या आठ तासांचं बोलणं सोपं होतं.