जूनची नोंद हरवली तर

सरकती बारमाही बेरीज म्हणजे कोणत्याही महिन्याअखेर मागच्या बारा महिन्यांची केलेली बेरीज. नवा महिना आला की तो बेरजेत येतो आणि सर्वांत जुना महिना गळतो. बेरजेत बाराही महिने एकेकदाच असल्यामुळे पेरणी, दिवाळी, लग्नसराई यांचे चढउतार तिच्यात मुरून जातात. मार्चअखेरच्या बेरजेची गेल्या मार्चअखेरच्या बेरजेशी तुलना केली की धंदा खरोखर वाढला का, ते कळते. हे सगळे एका अटीवर उभे आहे: दोन्ही बेरजांत तेच बारा महिने असले पाहिजेत. मधला एखादा महिना नोंदलाच गेला नसेल, तर ही अट मोडते आणि उत्तर मात्र नेहमीसारखेच दिसते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की रिकामी जागा म्हणजे नेमके काय? एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती. ते खरे शून्य होते. गाड्या विकल्याच गेल्या नाहीत, तेव्हा बेरजेत ते शून्य धरलेच पाहिजे. याउलट विक्री झाली पण नोंद सापडत नाही, तिथे शून्य लिहिणे म्हणजे खोटी माहिती भरणे. तक्त्यात पहिल्या ठिकाणी 0 लिहायचे आणि दुसऱ्या ठिकाणी घर रिकामे ठेवायचे, पण त्या महिन्याची ओळ कधीही पुसायची नाही.

समजा, एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे आणि खते यांमुळे त्याचा जून सर्वांत मोठा. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या काळात विक्री झाली ९६ लाख रुपये, त्यातला एकटा जून १८ लाखांचा आणि जुलै १२ लाखांचा. पुढच्या वर्षी जून २०२४ मध्ये संगणक बिघडला आणि त्या महिन्याची बिले गेली. उरलेल्या अकरा महिन्यांची विक्री ८७ लाख भरली. तक्ता सरळ बेरीज करतो आणि सांगतो, की धंदा ९.४ टक्क्यांनी घटला. दुकानदाराला मात्र माहीत असते, की जवळपास प्रत्येक महिन्यात गिऱ्हाईक वाढले आहे.

याहून फसवी चूक होते ती जूनची ओळच तक्त्यात नसेल तेव्हा. 'बारा ओळी मागे जा' असे सूत्र लिहिलेले असले, तर जुलै २०२४ पासून बारा ओळी मागे जाताना मधला जून नसल्यामुळे सूत्र एक महिना जास्त मागे जाते आणि जून २०२३ वर थांबते. जुलैच्या १३ लाखांची तुलना जूनच्या १८ लाखांशी होते आणि उत्तर येते २८ टक्के घट. खऱ्या जुलैशी, म्हणजे १२ लाखांशी ताडले तर वाढ ८.३ टक्के आहे. ही सरकलेली तुलना वर्षभर तशीच चालू राहते. शेवटी जून २०२५ समोर मे २०२४ येतो आणि ७ लाखांवर २१ लाख, म्हणजे २०० टक्के वाढ दिसते. जुलै २०२५ पासून सगळे आपोआप जागेवर येते, त्यामुळे घोटाळा अनेकदा लक्षातही येत नाही. वर्षभर विचित्र टक्केवारी आणि मग अचानक शांतता दिसली, तर आधी ओळी मोजाव्यात.

उपाय सुरू होतो तो पूर्ण दिनदर्शिकेपासून. पहिल्या स्तंभात प्रत्येक महिना, नोंद असो वा नसो, आणि दुसऱ्यात विक्री. मग दोन्ही वर्षांत ज्या महिन्यांची नोंद आहे, तेवढेच महिने दोन्हीकडे मोजायचे. जून २०२४ नाही, तर जून २०२३ ही बाजूला ठेवायचा. ९६ मधून १८ गेले, राहिले ७८. त्यांच्यासमोर ८७. वाढ ११.५ टक्के. घट दाखवणारा आकडा आणि हा आकडा एकाच वहीतून निघतात, फरक फक्त समोरासमोर काय ठेवले याचा. एक्सेलमध्ये B2:B13 हे जुने वर्ष आणि B14:B25 हे नवे असेल, तर सूत्र असे:

```
=SUMPRODUCT(ISNUMBER(B14:B25)*ISNUMBER(B2:B13), B14:B25)
 /SUMPRODUCT(ISNUMBER(B14:B25)*ISNUMBER(B2:B13), B2:B13)-1
```

ISNUMBER खरे शून्य मोजते आणि रिकामे घर वगळते, म्हणून वरचा भेद इथे कामी येतो. वाढीच्या शेजारी किती महिने जुळले तेही लिहावे. त्याहून चांगले म्हणजे जुन्या वर्षाच्या विक्रीचा किती भाग जुळला ते लिहावे. इथे बारापैकी अकरा महिने जुळले, पण विक्रीचा भाग ७८ भागिले ९६, म्हणजे ८१ टक्केच. फेब्रुवारी हरवणे आणि जून हरवणे सारखे नाही.

याच कारणाने अकरा महिन्यांच्या बेरजेला बारा भागिले अकराने गुणण्याची सोपी युक्ती इथे फसते. ८७ चे ९५ लाख होतात आणि तरीही एक टक्का घट दिसते, कारण ही युक्ती हरवलेला जून सरासरी महिन्याएवढा धरते. अंदाज करायचाच, तर गेल्या जूनचे १८ लाख इतर महिन्यांच्या वाढीने, ८७ भागिले ७८ ने, वाढवावेत. ते २०.१ लाख होतात आणि वर्षाची बेरीज १०७.१ लाख. बँकेला किंवा पुरवठादाराला एकूण उलाढाल सांगायची असेल, तर हा आकडा 'अंदाजित' असा शेरा मारून देता येतो. वाढीबद्दल मात्र तो नवे काही सांगत नाही. १०७.१ ला ९६ ने भागले तरी ११.५ टक्केच येतात, कारण तीच वाढ त्यात आधी घातलेली आहे.

अंदाजाची ही मर्यादा राष्ट्रीय आकडेवारीतही दिसली. एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे किमतींची नेहमीची पाहणी होऊ शकली नाही, तेव्हा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने त्या दोन महिन्यांचे ग्राहक किंमत निर्देशांक अंदाजाने भरून प्रसिद्ध केले. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने ऑगस्टमध्ये ते आकडे मालिकेतला खंड मानले. भरलेले घर आणि मोजलेले घर यांत फरक ठेवण्याची ही सावध पद्धत दुकानाच्या तक्त्यालाही लागू पडते. शेजारच्या स्तंभात 'मोजलेले' किंवा 'अंदाज' एवढे लिहिले, तरी पुढे वाचणाऱ्याची फसगत टळते.

जुळणाऱ्या महिन्यांच्या पद्धतीलाही एक गृहीत चिकटलेले आहे: हरवलेला महिनाही इतरांसारखाच वाढला असेल. जून २०२४ मध्ये पाऊस लांबून पेरण्या जुलैत गेल्या असतील, तर जुलै फुगलेला आणि जून पडलेला असणार, मग ११.५ टक्के हा आकडा जास्तच निघाला आहे. अशा वेळी घाऊक विक्रेत्याची बिले, खतांच्या पोत्यांची आवक आणि बँकेतला भरणा यांवरून जून पडताळून पाहावा लागतो.

एका महिन्याचा हा खड्डा वर्षभरातही बुजत नाही. जून २०२४ पासून मे २०२५ पर्यंतच्या प्रत्येक बारमाही बेरजेत तो असतो. त्यानंतर त्या बेरजा तुलनेचा पाया होतात, म्हणून जून २०२५ ते मे २०२६ पर्यंतची वार्षिक वाढही बिघडते, आणि या दुसऱ्या वर्षी चूक उलट दिशेने होते. समजा, मार्च २०२६ अखेर बारा महिन्यांची विक्री ११० लाख झाली. समोर ८७ ठेवले, तर २६.४ टक्के वाढ दिसते आणि दुकानदार उत्साहाने जास्त माल भरतो. जून २०२५ चे २१ लाख दोन्हीकडच्या समतोलासाठी वगळले, तर ८९ समोर ८७, म्हणजे वाढ २.३ टक्के. चालू वर्षाच्या बाराही नोंदी हाताशी असताना त्यातला एक महिना सोडून द्यायला मन धजत नाही, पण पायाच्या वर्षात तो नसेल तोपर्यंत तसेच करावे लागते. बाराही महिने समोरासमोर ठेवून केलेली पहिली स्वच्छ तुलना जून २०२६ अखेरच मिळते.