सही कोणाची आणि मजकूर कोणता?

कागदावरच्या सहीकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. सही झाली तेव्हा कागदावर जो मजकूर होता तोच आजही आहे याची खात्री हवी, आणि सही करणाऱ्याला पुढे ‘ही सही माझी नाही’ म्हणून कानांवर हात ठेवता येऊ नयेत. पहिल्या गुणाला मजकुराची अखंडता म्हणतात आणि दुसऱ्याला अनाकरणीयता, म्हणजे सही नाकारता न येणे. हाताची सही आणि डिजिटल सही दोन्ही कामे करतात, पण निरनिराळ्या मार्गांनी. शाईच्या सहीचा फोटो काढून तो फाइलमध्ये चिकटवला तर ती डिजिटल सही होत नाही. ते नुसते चित्र असते आणि कोणत्याही फाइलवर कोणालाही चिकटवता येते.

एक साधा करार घेऊ. एका मंडप व्यावसायिकाने दरमहा ९,५०० रुपये भाड्याने जनरेटर घेतला आणि करारावर शेवटी सही केली. ही सही कागदाच्या तळाशी आहे, भाड्याचा आकडा वर आहे आणि या दोहोंना जोडणारे सहीत काहीच नाही. आकड्याआधी १ लिहिला की ९,५०० चे १९,५०० होतात आणि सही जशीच्या तशी राहते. म्हणून कागदी व्यवहारात काही जुन्या सवयी रुजल्या आहेत. रक्कम ‘अक्षरी रुपये नऊ हजार पाचशे फक्त’ अशी लिहायची, आकड्यापुढे /- ओढायचे, प्रत्येक पानावर छोटी सही करायची, खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी पुन्हा सही करायची आणि कराराच्या दोन प्रती करून दोन्ही पक्षांनी एकेक जवळ ठेवायची. कागदाची अखंडता या सवयींवर, तसेच शाई आणि कागद यांच्या तपासणीवर उभी असते. एखादी सवय पाळायची राहिली की तिथे फट पडते.

डिजिटल सहीत मजकूर आणि सही गणिताने बांधलेले असतात. आधी संपूर्ण फाइलमधून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल एका ओळीची असो की हजार पानांची, हॅश ६४ चिन्हांचाच निघतो. मग सही करणाऱ्याजवळची खासगी किल्ली वापरून त्या हॅशपासून सही तयार होते. खासगी किल्लीला जोडीदार असते ती सार्वजनिक किल्ली. ती कोणालाही दिली तरी चालते, कारण तिने सही तपासता येते, करता मात्र येत नाही. या कल्पनेचा जाहीर आराखडा व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडला आणि रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांनी लगेचच तिला व्यवहारात उतरवणारी आरएसए पद्धत शोधली.

जनरेटरच्या करारावर ही पद्धत छोट्या आकड्यांत करून पाहता येते. भाड्यातील अंकांची बेरीज हाच हॅश मानू: ९ अधिक ५, म्हणजे १४. सार्वजनिक किल्लीत ३३ आणि ३ हे आकडे आहेत, तर खासगी किल्ली आहे ७. सही करताना १४ चा सातवा घात काढायचा, तो येतो १०,५४,१३,५०४. त्याला ३३ ने भागल्यावर बाकी २० उरते. हे २० म्हणजे करारावरची सही.

तपासणाऱ्याला खासगी किल्लीची गरज पडत नाही. तो २० चा तिसरा घात काढतो, ८,०००, आणि ३३ ने भागून बाकी पाहतो: १४. मग करारातील भाड्याचे अंक स्वतः मिळवतो. तेही १४ आले, म्हणजे सही जुळली. कोणी भाडे १९,५०० केले असते तर अंकांची बेरीज १५ झाली असती आणि २० या सहीतून १४ च निघाले असते. न जुळणारे हे दोन आकडे मजकूर बदलल्याची खूण ठरतात. हाताची सही माणूस प्रत्येक कागदावर साधारण सारखीच करतो. डिजिटल सही मात्र मजकुरातून निघत असल्याने दर कराराला वेगळी येते, आणि एका करारावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली तर तपासणीत टिकत नाही.

या छोट्या नमुन्यात दोन कमकुवत जागा आहेत आणि खऱ्या पद्धतीची ताकद त्याच ठिकाणी आहे. पहिली जागा किल्लीची. ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे कोणीही ओळखेल, आणि ते ओळखले की ७ ही खासगी किल्ली शोधायला वेळ लागत नाही. प्रत्यक्षात ३३ च्या जागी सुमारे ६१७ अंकी संख्या असते. तिचे दोन अवयव आजच्या संगणकांना व्यवहार्य काळात सापडत नाहीत.

दुसरी जागा हॅशची. भाडे १८,५०० केले तर १ अधिक ८ अधिक ५ म्हणजे पुन्हा १४ च येतात. सही जुळते आणि लबाडी पचते. दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश सारखा निघणे हा डिजिटल सहीच्या अखंडतेला सर्वांत मोठा धोका आहे. एसएचए-१ या जुन्या पद्धतीत तो खरा ठरला. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या. एकीवरची सही दुसरीवरही जुळली असती. सहीसाठी ही पद्धत मागे पडून एसएचए-२५६ आली, तिच्यात अशी जोडी अजून कोणाला सापडलेली नाही. अखंडतेच्या बाबतीत डिजिटल सही शाईच्या सहीच्या कितीतरी पुढे आहे. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तपासणीत ते उघड होते. मात्र नेमके काय बदलले हे ती सांगत नाही, फक्त बदल झाला एवढेच सांगते.

सही नाकारण्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने जातो. कागदावरची सही कोणी नाकबूल केली तर न्यायालय त्याच्या निर्विवाद सह्यांशी ती ताडून पाहते, हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत घेते आणि सही समोर झाल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारांना ऐकते. वळण, दाब, लेखणी उचलण्याच्या जागा यांतून हात कोणाचा याचा अंदाज बांधता येतो. तज्ज्ञाचे मत हे शेवटी मतच असते आणि सराईत माणूस सहीची नक्कल करू शकतो. तरीही शाईची सही माणसाच्या हाताशी जोडलेली असते, आणि तो हात दुसऱ्याला उसना देता येत नाही.

डिजिटल सही हाताशी जोडलेली नसते, ती किल्लीशी जोडलेली असते. गणित इतकेच सिद्ध करते की ही सही अमुक खासगी किल्लीने झाली. ती किल्ली कोणाची, याचे उत्तर प्रमाणपत्र देते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेले प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक परवाने देतात. परवानाधारक संस्था अर्जदाराची ओळख तपासून ‘ही सार्वजनिक किल्ली या व्यक्तीची’ असे प्रमाणपत्र देते आणि त्यावर स्वतःची डिजिटल सही करते. खासगी किल्ली बहुधा यूएसबी टोकनमध्ये असते. सहीची आकडेमोड टोकनच्या आतच होते, त्यामुळे किल्लीची नक्कल काढता येत नाही. सही करण्यासाठी टोकन आणि त्याचा पिन दोन्ही लागतात.

गणित बिनचूक असूनही साखळी नेमकी इथे सैल पडते. छोट्या धंद्यांत मालकाचे टोकन कर सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये राहते आणि पिन त्याच्या मदतनिसाला पाठ असतो. जनरेटरच्या करारावर त्या मदतनिसाने परस्पर सही केली तर तपासणीत ती पूर्णपणे बरोबर येईल. वळण किंवा दाब यांवरून हात ओळखायची सोयच नाही. कायद्याने हा भार किल्लीच्या मालकावर टाकला आहे. कलम ४२ प्रमाणे खासगी किल्ली दुसऱ्याच्या हाती पडू नये याची वाजवी काळजी त्याने घ्यायची असते. किल्लीची सुरक्षितता धोक्यात आली तर विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचे असते, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच राहते. कळवल्यावर प्रमाणपत्र रद्द होते आणि त्याचा क्रमांक रद्द प्रमाणपत्रांच्या यादीत जातो.

त्यातून वेळेचा प्रश्न निघतो. समजा, मालकाने टोकन चोरीला गेल्याचे १० तारखेला कळवले आणि करारावरची सही ८ तारखेची दिसते. ही तारीख सही करणाऱ्या संगणकाच्या घड्याळावरून आली असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही, कारण घड्याळ कोणीही मागे करू शकतो. म्हणून महत्त्वाच्या दस्तांवर त्रयस्थ संस्थेचा वेळशिक्का घेतात. त्या क्षणी ही सही अस्तित्वात होती असे ती संस्था स्वतःच्या डिजिटल सहीने नोंदवते. असा शिक्का नसेल तर सही प्रमाणपत्र रद्द होण्याआधीची की नंतरची, हा वाद उरतोच.

तपासणीचा निकाल वाचतानाही या दोन गुणांची गल्लत होते. डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार पीडीएफ वाचकात उघडल्यावर अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह आणि Validity unknown असे शब्द दिसतात. त्याचा अर्थ मजकूर बदलला असा नाही. प्रमाणपत्रांच्या साखळीच्या टोकाला असलेले भारतीय मूळ प्रमाणपत्र त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत नाही, एवढाच तो इशारा असतो. मजकुरात फेरफार झाला असेल तर सही अवैध असल्याचा वेगळा संदेश येतो. प्रश्नचिन्ह घालवण्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्रावर ‘विश्वास ठेवा’ असे बटण दाबणे धोक्याचे आहे, कारण बनावट प्रमाणपत्रालाही मग हिरवी खूण मिळते. साखळी नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोचते का, हे आधी पाहावे लागते.

फाइल छापली की डिजिटल सही संपते. कागदावर दिसतो तो सहीचा नुसता ठसा, त्यातून हॅश काढता येत नाही. म्हणून छापील सातबाऱ्याची खातरजमा करायची तर त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने संकेतस्थळावरची मूळ प्रत पाहावी लागते. कागदी कराराचे नेमके उलटे आहे, तिथे मूळ प्रत कागदाचीच असते आणि तिची स्कॅन फाइल दुय्यम ठरते.

कायद्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली असली तरी काही दस्त तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. मृत्युपत्र हे त्यांतले ठळक उदाहरण. त्यावर सही करणारा वाद उभा राहतो तेव्हा हयात नसतो, त्यामुळे सही त्याने स्वतः आणि राजीखुशीने केली का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर किल्ली देऊ शकत नाही. ते समोर हजर असलेले दोन साक्षीदार देतात, म्हणून तिथे कागद, शाई आणि साक्षीदार आजही लागतात.