दोन फोन, एक खातं आणि नाण्यांचा हिशेब

गेमचं खातं एकच, पण जुन्या फोनवर ४३वी लेव्हल आणि नव्यावर ४०वी. दोन्ही फोन नेटला जोडले की पडद्यावर विचारणा होते: कोणती प्रगती ठेवायची? एक निवडली की दुसरी गेली.

यातली शेवटची सेव्ह ठेवावी, हा सोपा उपाय फसवा आहे. लाइफ लवकर भराव्यात म्हणून फोनचं घड्याळ पुढे सरकवणारे खेळाडू काही कमी नाहीत. शिवाय घड्याळ बरोबर असलं, तरी ते फक्त नंतर कोण खेळलं एवढंच सांगतं. खरा प्रश्न वेगळाच असतो: ही सेव्ह कोणत्या सेव्हवरून पुढे गेली? म्हणून प्रत्येक सेव्हसोबत तिच्या आधीच्या सेव्हचा क्रमांकही ठेवतात. नव्या फोनची सेव्ह जुन्याच्या सेव्हवरून निघाली असेल, तर भांडण नाहीच. दोन्ही १७ क्रमांकावरून फुटल्या असतील, तरच संघर्ष.

अँड्रॉइडवर गुगलची प्ले गेम्स सेवा अशा वेळी सर्वात जास्त खेळलेली, सर्वात पुढे गेलेली किंवा शेवटी बदललेली सेव्ह आपोआप निवडू शकते. पण निवडणं म्हणजे एकीवर पाणी सोडणं. त्यापेक्षा दोन्ही प्रती गेमच्या हाती देऊन त्या जुळवायला लावण्याचा पर्याय मला जास्त पटतो. तोही तिथे आहे, फक्त त्यासाठी गेम बनवणाऱ्याला डोकं चालवावं लागतं.

समजा, १७व्या सेव्हमध्ये ५०० नाणी होती. जुन्या फोनवर ऑफलाइन खेळून ३०० मिळाली आणि ६०० ची तलवार घेतली, उरली २००. नव्या फोनवर १२वी लेव्हल पुन्हा खेळून तीन स्टार आणि १५० नाणी मिळाली, झाली ६५०. लेव्हल आणि स्टार जुळवणं सोपं: प्रत्येकाचा मोठा आकडा घ्यायचा. नाण्यांना तोच नियम लावला, तर ६५० नाणी राहतात आणि तलवार फुकटात पडते. बेरीज केली तर ८५०, कारण मूळचे ५०० दोनदा धरले जातात.

बरोबर उत्तर ३५०. ते मिळवायचं तर नुसती शिल्लक साठवून भागत नाही. प्रत्येक फोनने स्वतःची कमाई आणि खर्च वेगवेगळा नोंदवावा लागतो. मग ५०० मध्ये ३०० आणि १५० मिळवायचे, ६०० वजा करायचे.

तरी एक फट उरतेच. त्याच ५०० नाण्यांतून दोन्ही फोनांनी ऑफलाइन असताना ४०० ची एकेक वस्तू घेतली, तर शिल्लक उणे ३०० येते. इथे कितीही हुशारीने जुळवलं तरी दोन्ही खरेद्या खऱ्या ठरू शकत नाहीत. खर्चाच्या क्षणी सर्व्हरला विचारणं एवढाच खात्रीचा मार्ग. खऱ्या पैशांच्या नाण्यांचा हिशेब म्हणूनच सर्व्हरवर ठेवतात, आणि अशा गेममध्ये नेट गेलं की दुकानाचं बटण चालत नाही.