मित्राचे नाव रिक्रूटरला कळवताना

नोकरीसाठी मित्राचे नाव सुचवणाऱ्या ई-मेलमध्ये दोघांची पत एकाच वेळी पणाला लागते. सुचवणाऱ्याचा शब्द रिक्रूटर पुढच्या वेळी किती मानेल हे त्या मेलवर ठरते, आणि मित्राबद्दलचे पहिले मत मुलाखतीच्या आधीच त्यातून तयार होते. शिवाय हा मेल रिक्रूटरपाशी थांबत नाही. बहुतेक वेळा तो जसाच्या तसा संबंधित विभागाच्या मॅनेजरकडे फॉरवर्ड होतो. म्हणून त्यातले प्रत्येक वाक्य मित्राने वाचले तरी संकोच वाटू नये आणि मॅनेजरने त्यावर उलट प्रश्न विचारला तरी टिकावे, असे असायला हवे.

नाव सुचवताना माणूस तीनपैकी एक गोष्ट करत असतो. पहिली नुसती ओळख: ‘या व्यक्तीला अशा कामात रस आहे, आपण बोलून पाहावे.’ दुसरी शिफारस: ‘यांचे हे काम मी पाहिले आहे आणि ते चांगले होते.’ तिसरी हमी: ‘डोळे झाकून घ्या, जबाबदारी माझी.’ मैत्रीच्या भरात लोक ओळख देण्याइतकी माहिती असताना हमीची भाषा वापरतात, आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. उद्या नव्या कंपनीतले वातावरण, साहेब, कामाचा ताण कसा असेल हे सुचवणाऱ्याच्या हातात नसते, त्यामुळे हमी देणे कोणालाच शक्य नाही. शिफारस मात्र देता येते, पण जेवढे काम स्वतः पाहिले तेवढ्यापुरतीच. ही मर्यादा मेलमध्ये स्पष्ट लिहिली, की निम्मे काम झाले.

मैत्री किती घट्ट आहे याला इथे फारसे महत्त्व नसते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातील नोकरदारांचा अभ्यास केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांची त्या ओळखीच्या माणसाशी भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. जवळच्या मित्रांचे वर्तुळ आपलेच असते, आणि दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून नव्या जागेची बातमी त्याच्याकडून येते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. रोज भेटणाऱ्या शाळूसोबत्याने मित्राचे काम कधीच पाहिलेले नसते. दोन-तीन वर्षे शेजारच्या टेबलावर बसलेल्या जुन्या सहकाऱ्याला ते नेमके ठाऊक असते, मग आता भेट दिवाळीच्या शुभेच्छांपुरती उरली असली तरी. रिक्रूटरला उपयोग या दुसऱ्या माणसाच्या शब्दाचा असतो.

मेल लिहिण्याआधी मित्राशी बोलणे भाग आहे. न विचारता रेझ्युमे पाठवला आणि रिक्रूटरने चौकशीसाठी त्याच्या सध्याच्या ऑफिसात कोणाला फोन केला, तर हातची नोकरी अडचणीत येते. दुसरे कारण जास्त व्यवहारी आहे. मित्राने तीच जागा आधीच एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत भरली असेल, तर त्याचे प्रोफाइल कंपनीकडे दोन वाटांनी पोचते. कन्सल्टंटचे कमिशन कोणाच्या नावावर, असा वाद नको म्हणून काही कंपन्या अशा उमेदवाराला सरळ बाजूला ठेवतात. ‘या कंपनीत तुझा रेझ्युमे आधी कुठून गेला आहे का?’ एवढा एक प्रश्न हे टाळतो.

मग रेझ्युमे मागवावा आणि तो खरोखर वाचावा. आपण एकत्र काम केलेल्या काळाचा भाग तरी तपासून घ्यावा: महिने बरोबर आहेत का, पद तेच होते का, चार जणांनी मिळून केलेले काम एकट्याच्या नावावर गेले आहे का. नेमणुकीच्या वेळी कंपन्या पार्श्वभूमी तपासतात. आधीच्या कंपनीला विचारतात, रिलीव्हिंग लेटर मागतात, आणि भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यावरून कुठल्या कंपनीत कधी ते कधी नोकरी होती हे ताडून पाहतात. तिथे सहा महिन्यांची तफावत निघाली, तर आधी शिफारस करणाऱ्याकडे पाहिले जाते, कारण तो त्याच काळात तिथे होता. चूक दिसली तर मित्राला सांगून दुरुस्त करून घ्यावी. त्याने नकार दिला, तर मेल पाठवू नये.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. मीना आणि सुनीता पुण्यातल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात अडीच वर्षे एकत्र होत्या. मीनाने पुढे नोकरी बदलली. तिच्या ओळखीच्या एका रिक्रूटरला सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवा आहे, आणि सुनीता बदलाच्या शोधात आहे. मीना पहिल्या झटक्यात लिहिते: ‘सुनीता माझी अत्यंत जवळची मैत्रीण असून ती हुशार, कष्टाळू आणि प्रामाणिक आहे. घरच्या अडचणीमुळे तिला नोकरीची फार गरज आहे. सध्याचा पगार कमी आहे, त्यामुळे ती थोडक्यात तयार होईल. तिला घेतल्यास आपल्याला कधीच पश्चात्ताप होणार नाही.’

हेतू चांगला आहे, पण यात सुनीताचे नुकसान दोन ठिकाणी झाले. घरची अडचण सांगण्याचा अधिकार तिचा होता. आणि पगाराची बोलणी सुरू व्हायच्या आधीच तिची बाजू लंगडी पडली. मीनाने स्वतःचेही नुकसान केले, कारण पश्चात्ताप होणार नाही ही हमी आहे. हुशार, कष्टाळू, प्रामाणिक ही विशेषणे तर प्रत्येक उमेदवाराबद्दल येतात, म्हणून वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरते. सुनीता नक्की काय करते, हे शेवटपर्यंत कळत नाही.

विशेषणांच्या जागी डोळ्यांनी पाहिलेले एक काम लिहिणे हा उपाय आहे. मीनाला आठवते ते जीएसटीचे महिन्याचे काम. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा तपशील जीएसटीआर-२बी या पत्रकात महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर येतो, आणि दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या कंपनीला जीएसटीआर-३बी साधारणपणे २० तारखेपर्यंत भरायचे असते. मधल्या पाच-सहा दिवसांत खरेदीची बिले त्या पत्रकाशी जुळवायची, न जुळणारी शोधायची आणि पुरवठादारांच्या मागे लागायचे. इथे ढिलाई झाली की इनपुट क्रेडिट अडकते, म्हणजे कंपनीचे पैसे अडकतात. सुनीता ही धावपळ कशी हाताळते हे मीनाने महिनोन्‌महिने पाहिले आहे. अकाउंट्समधला कोणीही मॅनेजर हे वाचून थांबेल. या आधारावर लिहिलेला मेल असा होतो:

विषय: सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह (पुणे) – उमेदवाराची शिफारस

नमस्कार मॅडम,

वरील जागेसाठी सुनीता यांचे नाव सुचवते. त्यांना विचारून हा मेल लिहीत आहे. रेझ्युमे जोडला आहे.

एप्रिल २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात आम्ही एकाच अकाउंट्स विभागात होतो. आमची मैत्रीही आहे, हे आधीच नमूद करते. जीएसटीचा महिन्याचा ताळमेळ त्यांच्याकडे होता. २बी आल्याच्या दिवशी न जुळणारी बिले वेगळी काढून त्या स्वतः पुरवठादारांना फोन करत, आणि त्या काळात आमचे रिटर्न मुदतीत जात असे.

ऑडिटचे किंवा टीम सांभाळण्याचे त्यांचे काम मी पाहिलेले नाही. त्याबद्दल त्यांच्याशीच बोलावे.

फोन संध्याकाळी सहानंतर करावा. सध्याच्या ऑफिसात कृपया चौकशी करू नये.

मीना

रिक्रूटर हा मेल फोनच्या पडद्यावर, दोन कॉलच्या मधल्या वेळात वाचतो, तेव्हा एवढी लांबी पुरे. विषयाच्या ओळीत पद आणि शहर आहे, म्हणून तो नंतर शोधला तरी सापडतो. कंपनीने जागेला क्रमांक दिला असेल तर तोही तिथेच घालावा. मैत्री उघड केल्याने शिफारस कमकुवत होत नाही. ती नंतर दुसरीकडून कळली, तर मात्र चांगले लिहिलेलेही संशयास्पद वाटते. उमेदवार नातेवाईक असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळावे. ‘पाहिलेले नाही’ हे वाक्य लिहिताना अनेकांचा हात अडखळतो. पण त्यामुळेच वरच्या परिच्छेदावर विश्वास बसतो, आणि उद्या सुनीताला टीम सांभाळणे जमले नाही तर मीनाकडे बोट दाखवता येत नाही. जुन्या कंपनीची उलाढाल किंवा पुरवठादारांची नावे यात नाहीत, हेही मुद्दाम. ती माहिती मीनाची नव्हे. पगार आणि नोटीस पीरियड सुनीता स्वतः सांगेल.

मेल कुठल्या पत्त्यावरून जातो यालाही अर्थ असतो. दुसऱ्या कंपनीतल्या रिक्रूटरला ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिले, तर ती त्या ऑफिसची अधिकृत शिफारस वाटू शकते. अशा वेळी खासगी पत्ता वापरावा. शिवाय काही नेमणूक करारांत, नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ जुन्या सहकाऱ्यांना तिथून फोडून न्यायचे नाही, असे कलम असते. सुचवली जाणारी व्यक्ती अजून त्याच जुन्या कंपनीत असेल, तर आपला करार आधी वाचून पाहावा.

स्वतःच्याच कंपनीत नाव सुचवायचे असेल तर वाट वेगळी. अनेक कंपन्यांत रेफरलचा फॉर्म असतो, आणि निवड झालेला माणूस ठरावीक दिवस टिकला की सुचवणाऱ्याला बक्षिसाची रक्कम मिळते. आधी फॉर्म भरावा, मेल त्यानंतर. बक्षीस मिळणार असल्याचे मित्रालाही सांगावे. नंतर त्याला ते ऑफिसातल्या कोणाकडून कळले, तर आपल्या जिवावर पैसे केले असे वाटून मनात अढी बसते.

मेल गेल्यावर रिक्रूटरचा फोन येऊ शकतो, आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो: ‘तुम्ही यांना स्वतःच्या टीममध्ये घ्याल का?’ याचे उत्तर मेल लिहिण्याआधीच स्वतःशी ठरलेले असावे. ते ‘हो’ नसेल, तर शिफारस करायचीच नव्हती. तेव्हा मित्राला जागेची माहिती आणि अर्जाचा पत्ता द्यावा, आणि स्पष्ट सांगावे: ‘तुझे या प्रकारचे काम मी पाहिलेले नाही, तू थेट अर्ज कर.’ हे ऐकताना वाईट वाटते खरे, पण मैत्री टिकते. मिळमिळीत शिफारस पाठवली तर मित्राला आशा लागते आणि रिक्रूटरला मात्र त्यातला निरुत्साह वाचता येतो.

उत्तर आले नाही तर आठवडा-दहा दिवसांनी एकदा विचारणे ठीक. त्यापुढे पाठपुरावा उमेदवाराने करावा. नकार आला तर त्याचे कारण रिक्रूटरकडून काढून मित्राला पोचवू नये. मुलाखतीत काय घडले हे त्या दोघांमधले असते.

मेल पाठवल्यानंतर लिहिलेले काही चुकीचे होते असे कळले, समजा तारखा किंवा कामाचा वाटा, तर आधी मित्राला सांगावे आणि त्याच दिवशी रिक्रूटरला दुसरा मेल पाठवावा: ‘माझ्या आधीच्या मेलमधील कामाच्या कालावधीचा उल्लेख चुकीचा आहे. खरा कालावधी असा आहे.’ चूक कुणाची, कशामुळे, हे त्यात लिहू नये. विचारल्यास ते मित्रानेच सांगावे.