शेवटच्या षटकातला बहाद्दर

३ एप्रिल २०१६. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात वेस्ट इंडिजला १९ धावा हव्या होत्या. बेन स्टोक्सच्या पहिल्या चारही चेंडूंवर कार्लोस ब्रेथवेटने षटकार मारले आणि चषक नेला. त्या रात्री दोघांवर शिक्के बसले. एक मोक्याला उभा राहणारा, दुसरा मोक्याला कच खाणारा.

तीन वर्षांनी, २०१९च्या एकदिवसीय विश्वचषकात, मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध ब्रेथवेट पुन्हा तशाच जागी होता. विजयाला सहा धावा हव्या असताना त्याचा उंच फटका सीमारेषेवर ट्रेंट बोल्टच्या हातात गेला. शतक ठोकूनही त्याचा संघ पाच धावांनी हरला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात नाबाद ८४ धावा काढून इंग्लंडला तारणारा माणूस होता स्टोक्स. ब्रेथवेटचं काळीज तीन वर्षांत आटलं आणि स्टोक्सचं वाढलं, असं म्हणणार का? की दोन्ही शिक्के घाईचे होते?

प्रश्न नीट मांडला नाही तर उत्तर भलतीकडे जातं. चांगला फलंदाज शेवटच्या षटकातही चांगलाच खेळणार, यात नवल नाही. मोक्याला खेळणारा म्हणजे दबाव आला की स्वतःच्याच नेहमीच्या पातळीच्या वर जाणारा. तुलना दुसऱ्या फलंदाजाशी नाही, त्याच्याच एरवीच्या खेळाशी आहे. आणि हा गुण असेल तर तो एका मोसमात दिसून पुढच्या मोसमात गायब होता कामा नये.

ही परीक्षा पहिल्यांदा गांभीर्याने घेतली ती अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी. १९७७ साली रिचर्ड क्रेमर यांनी १९६९ आणि १९७० या लागोपाठच्या मोसमांतले फलंदाज घेतले. एखाद्याने सामन्याचं पारडं फिरवणाऱ्या क्षणी आपल्या एकूण खेळाच्या मानाने किती जास्त वा कमी दिलं, हे दोन्ही मोसमांसाठी काढलं आणि दोन्ही यादी शेजारी ठेवल्या. पहिल्या वर्षी वर असलेले दुसऱ्या वर्षी कुठेही होते. क्रेमर यांचा निष्कर्ष असा की मोक्याचा फलंदाज नावाची चीजच नाही. पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षं आकडेवाल्या मंडळींत हे जवळजवळ वेदवाक्य होऊन बसलं. मग २००४ साली त्यांच्यातल्याच बिल जेम्स यांनी त्याला हरकत घेतली. ती हरकत कळायला आधी क्रिकेटचा हिशेब मांडावा लागेल.

सुरुवात आपल्याकडच्या सर्वांत लाडक्या आकड्यापासून करू. भारताने जिंकलेल्या पाठलागांत महेंद्रसिंग धोनीची एकदिवसीय सरासरी १०२.७१ आहे. ७५ डाव, २८७६ धावा, ४७ वेळा नाबाद. हा आकडा पुराव्यासारखा फेकला जातो, पण त्यात दोन खोट्या आहेत. पहिली म्हणजे यात फक्त जिंकलेले सामने आहेत. धोनी लवकर बाद झाला आणि भारत हरला, तो डाव हिशेबातून आपोआप वगळला गेला. निकाल पाहून सामने निवडले तर कुणीही विजयवीर दिसेल. दुसरी खोट नाबादची. २८७६ला भागलंय ते २८ने, ७५ने नाही. विजयी धाव निघाली की डाव मध्येच थांबतो, आणि तो थांबणं फलंदाजाच्या नावे जमा होतं. डावामागे धावा पाहिल्या तर ३८ येतात. धोनी महान फलंदाज आहे यात मला तरी शंका नाही. पण दबावात तो स्वतःहून सरस होतो का, याबद्दल हा आकडा गप्प आहे.

मग मोजायचं काय? क्रिकशीट नावाच्या संकेतस्थळावर आयपीएलच्या प्रत्येक चेंडूची नोंद फुकट मिळते, २००८च्या पहिल्या मोसमापासून. त्यातून दबावाचे चेंडू वेगळे काढायचे. ही व्याख्या निकाल बघण्याआधी ठरवून कागदावर लिहून ठेवायची, नाहीतर माणूस नकळत आपल्या आवडत्या खेळाडूला शोभेल अशी रेघ ओढतो. एक साधी व्याख्या अशी घेता येईल: दुसरा डाव, सोळावं ते विसावं षटक, आणि आवश्यक धावगती आठ ते चौदाच्या दरम्यान. त्याखाली सामना हातात असतो, त्यावर बहुधा निसटलेला असतो. तुलनेसाठी त्याच फलंदाजाचे पहिल्या डावातल्या हाणामारीच्या षटकांतले चेंडू घ्यायचे. पॉवरप्लेचे घेतले तर क्षेत्ररक्षणाची रचनाच वेगळी, तुलना फसते.

इथे नुसता स्ट्राइक रेट ठेवला तरी गफलत होते. सहा चेंडूंत सात धावा हव्या असताना शहाणा फलंदाज एकेक धाव घेतो. तो मंद झाला असा अर्थ काढणं हा त्याच्या अकलेचा अपमान आहे. म्हणून प्रत्येक चेंडूसाठी आधी विचारायचं: इतके चेंडू, इतके गडी, इतकं लक्ष्य उरलेलं असताना आजवरच्या सर्व फलंदाजांनी सरासरी किती काढल्या? प्रत्यक्षातली धाव वजा ही अपेक्षा, हे त्या चेंडूचं शिल्लक. त्यात गोलंदाजाची पतही धरायची, कारण चुरशीच्या वेळी कर्णधार बुमराला आणतो, पाचव्या गोलंदाजाला नाही. फलंदाज तीस चेंडू खेळून स्थिरावलेला आहे की नुकताच आलाय, हेही. एवढं करून दबावातलं सरासरी शिल्लक वजा एरवीचं सरासरी शिल्लक, हा त्या फलंदाजाचा मोक्याचा गुणांक.

आता खरी अडचण. समजा हाणामारीच्या षटकांतल्या शंभर चेंडूंपैकी तीस निर्धाव, अडतीस एकेरी, आठ दुहेरी, बारा चौकार आणि बारा षटकार. स्ट्राइक रेट १७४. पण एकेका चेंडूवरची धाव या सरासरीपासून साधारण दोन धावांनी इकडे-तिकडे होते. चेंडू शून्य देतो किंवा सहा, मधलं फारसं नाही. एका मोसमात एखाद्या फिनिशरला दबावाचे साठ चेंडू मिळाले असं धरू. साठ चेंडूंच्या सरासरीतला निव्वळ योगायोगाचा चढउतार म्हणजे दोन भागिले साठचं वर्गमूळ, चेंडूमागे पाव धावेहून किंचित जास्त. स्ट्राइक रेटच्या भाषेत २६. म्हणजे खरा दर्जा १७४चा असलेला माणूस काहीही न बदलता एका वर्षी २००चा आणि पुढच्या वर्षी १४८चा दिसू शकतो. पहिल्या वर्षी त्याच्यावर कोट्यवधींची बोली लागते, दुसऱ्या वर्षी त्याचा धीर सुटला म्हणून लेख येतात. दहा गुणांचा खरा फरक जरा विश्वासाने ओळखायचा तर हा चढउतार पाचवर आणावा लागेल, आणि त्याला सोळाशे चेंडू लागतात. वर्षाला साठ या हिशेबाने सव्वीस-सत्तावीस मोसम. आयपीएलचंच वय अजून तेवढं नाही.

जेम्स यांची हरकत इथेच आहे. समजा मोक्याचा गुण खरोखर आहे, आणि फलंदाजांमध्ये त्याचा फरक साधारण पाच स्ट्राइक रेट गुणांचा आहे. योगायोगाचा चढउतार सव्वीसचा. पाचचा वर्ग पंचवीस, सव्वीसचा सहाशे शहात्तर. पंचवीस भागिले सातशे एक, म्हणजे लागोपाठच्या दोन मोसमांतलं नातं फक्त ०.०४ निघेल, जिथे पूर्ण नातं म्हणजे १ आणि काहीच नातं नाही म्हणजे शून्य. चाळीस फलंदाज घेतले तर हे नातं निव्वळ नशिबाने ०.१६ने वर-खाली होतं. तेव्हा गुण अस्तित्वात असूनही क्रेमर यांच्या पद्धतीने उत्तर शून्यच येणार. दाट धुक्यात समोर कुणी दिसलं नाही म्हणजे समोर कुणी नाही असं होत नाही, असं जेम्स यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पण त्याचा उलटा अर्थही काढता येत नाही. गुण मोठा असता, समजा तीस-चाळीस गुणांचा, तर तो या धुक्यातूनही दिसला असता.

म्हणून ‘आहे की नाही’ऐवजी ‘जास्तीत जास्त किती मोठा असू शकेल’ असं विचारलेलं बरं. त्याची एक रीत सोपी आहे. प्रत्येक फलंदाजाच्या डावांवरच्या ‘दबाव’ आणि ‘एरवी’ या चिठ्ठ्या संगणकाने पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि मोक्याचे गुणांक पुन्हा काढायचे. असं हजार वेळा. दबावाचा काही संबंधच नसता तर गुणांक किती विखुरले असते, हे त्यातून कळतं. प्रत्यक्षातला विखुरलेपणा त्याहून जितका जास्त, तितकाच खऱ्या गुणाच्या खात्यात जमा. पिसताना सुटे चेंडू पिसू नयेत, अख्खे डाव पिसावेत. एका डावातले चेंडू एकमेकांशी बांधलेले असतात: तीच खेळपट्टी, तेच दव, तीच लय. सुटे चेंडू पिसले की योगायोग असतो त्याहून लहान दिसतो आणि नसलेला गुण सापडतो.

बेसबॉलमध्ये अनेक मोसमांची माहिती एकत्र करून अशा प्रकारचा हिशेब पुढे टँगो, लिच्टमन आणि डॉल्फिन यांनी त्यांच्या पुस्तकात दिला. गुण सापडला, पण चिमुकला. सहांतला एखादा फलंदाज दबावात बेसवर पोहोचण्याचं प्रमाण हजारात आठने किंवा जास्त वाढवतो, जवळपास तेवढेच तेवढ्याने घसरतात. मोसमात अशा शंभर वेळा आल्या तर पूर्ण एकदाही फरक पडत नाही. आणि तो एखादा नेमका कोण, हे ओळखायला कारकीर्दही पुरत नाही.

क्रिकेटच्या हिशेबात आणखी एक वाकडं वळण आहे. दबावात जे खरोखर कोसळतात, त्यांना शेवटच्या षटकापर्यंत कुणी पोहोचूच देत नाही. गल्लीपासून रणजीपर्यंत चाळण लागलेली असते. आपल्या माहितीत उरतात ते चाळणीतून आलेलेच, त्यामुळे त्यांच्यातला फरक लहान दिसणं स्वाभाविक आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांचे पाय त्या जागी लटपटतील, याला ही आकडेवारी बाध आणत नाही.

निवड समितीने मग बघायचं काय? यॉर्कर खोदून काढता येतो का, हळू टाकलेला चेंडू हातातून ओळखता येतो का, सरळ सीमारेषेवरून मारता येतं का. हाणामारीच्या षटकांतलं हे कसब फलंदाजागणिक खूप वेगळं असतं आणि ते मोजायला प्रत्येक डावातले शेवटचे चेंडू उपलब्ध असतात, फक्त चुरशीचे नव्हेत. ज्याला आपण काळीज म्हणतो त्यातलं बरंचसं हेच असावं, असा माझा अंदाज आहे.

आणि काळीजच शोधायचं असेल तर ते गोलंदाजांत शोधावं. शेवटच्या पाच षटकांतली दोन षटकं नेहमी टाकणारा गोलंदाज साखळीच्या चौदा सामन्यांत १६८ चेंडू टाकतो, डाव कुठलाही असो. फलंदाजाला तिथवर पोहोचायला आधीचे चार-पाच जण बाद व्हावे लागतात. गोलंदाजाच्या हातात कर्णधार चेंडू देतोच. दहा मोसम टिकला तर सोळाशे ऐंशी चेंडू. त्यातले निम्मे दबावाचे धरले तरी आठशे चाळीस, आणि योगायोगाचा चढउतार षटकामागे ०.४ धावांवर येतो. एरवीच्या षटकांशी वजाबाकी केली की तो साधारण ०.६ होतो. षटकामागे दीड धावेचा फरक पाडणारा गोलंदाज असेल, तर तो एवढ्या माहितीत लपून राहणार नाही.