केशरी बटणावरची पांढरी अक्षरं

एका पतसंस्थेची नवी वेबसाइट तयार होते आहे, असं समजा. बोधचिन्ह केशरी, म्हणून ‘पैसे भरा’ हे बटणही केशरी आणि त्यावर पांढरी अक्षरं. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना ते आवडतं. मग एखादा सत्तरीतला खातेदार भर दुपारी ओट्यावर बसून मोबाइल उघडतो, आणि त्याला केशरी पट्टा दिसतो, अक्षरं मात्र दिसत नाहीत.

हा नजरेचा दोष म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, कारण तो आकड्यात मोजता येतो. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2008 साली सुगम्यतेच्या नियमांची दुसरी आवृत्ती काढली. त्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक गुणोत्तराने मांडला आहे. हाच कॉन्ट्रास्ट रेशो. दोन्ही रंग एकच असतील तर तो 1, आणि पांढऱ्यावर काळं असेल तर 21. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान 4.5 हवा, मोठ्या अक्षरांना 3 चालतो. 4.5 ही संख्या हवेतून आलेली नाही. चांगल्या नजरेसाठी पुरेसा मानलेला फरक 3. नजर 6/12 पर्यंत उतरली की, म्हणजे साधारण ऐंशीच्या आसपासच्या माणसाची असते तशी झाली की, त्याच्या दीडपट फरक लागतो, असा तो हिशेब आहे.

आता त्या बटणाचा रंग पाहू: #FF9933. यात लाल पूर्ण, हिरवा 255 पैकी 153, निळा थोडासा. हिरव्याचा आकडा 60 टक्के असला तरी पडद्यावरून त्याचा प्रकाश येतो तो जेमतेम 32 टक्के, कारण आकडा आणि प्रकाश सरळ प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, म्हणून त्याला सुमारे 72 टक्के वजन, लालला 21, निळ्याला फक्त 7. सगळी बेरीज केली की या केशरीची तेजस्विता येते 0.443. पांढऱ्याची अर्थातच 1. भागाकार करण्याआधी दोन्हींत 0.05 मिळवतात, कारण काळ्याकुट्ट पडद्यावरूनही आजूबाजूचा थोडा उजेड परततोच. 1.05 भागिले 0.493, उत्तर 2.13. निम्म्यालाही पोचलं नाही.

याच बटणावर काळी अक्षरं घातली तर रेशो थेट 9.86 होतो. पांढरीच हवी असतील तर केशरी गडद करावा लागतो. #C2410C हा विटकरीकडे झुकणारा रंग घेतला की 5.18 मिळतात. इथे डिझायनर आणि मालक यांच्यात हमखास वाद होतो, कारण ‘आमचा केशरी’ हा तो केशरी राहत नाही. त्यावर चांगला तोडगा असा, की बोधचिन्हात मूळ रंग ठेवावा (बोधचिन्हाला या नियमातून सूट आहे) आणि बटणांसाठी गडद छटा वेगळी नेमून द्यावी.

काळा पर्याय निवडला तर आणखी एक शंका येते: पांढऱ्या पानावर केशरी बटणाचाही रेशो 2.13च आहे, मग बटण कसं ओळखू येणार? 2018 च्या 2.1 आवृत्तीत बटण, चौकट, चिन्हं यांच्यासाठी 3 ची अट आली. पण बटणावरचा मजकूर स्वतःच स्पष्ट वाचता येत असेल आणि त्यावरूनच बटण कळत असेल, तर कड ठळक असलीच पाहिजे असं नियम म्हणत नाही. रक्कम लिहायच्या रिकाम्या चौकटीला मात्र ही सवलत नाही. तिची कड #CCCCCC अशी फिकट करडी ठेवली तर रेशो 1.6, आणि बोट नेमकं कुठे टेकवायचं हे कळत नाही. मोठी चूक बटणापेक्षा इथेच जास्त होते.

तपासणी सोपी आहे. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये अक्षराच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की रेशो दिसतो. स्क्रीनशॉटमधून रंग उचलू नये. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून तिथे मधल्या छटा भरलेल्या असतात आणि आकडा फसवतो. आकडा वर ओढून पूर्ण करायचीही मुभा नाही: पांढऱ्यावर #767676 करडा 4.54 ने पास होतो, #777777 मात्र 4.48 ने नापास.

सूत्रालाही मर्यादा आहेत. केशरीसारख्या मधल्या उजेडाच्या रंगांवर काळ्यापेक्षा पांढरी अक्षरं बरी वाचता येतात असं सांगणारे अनेक जण आहेत, आणि पुढच्या आवृत्तीसाठी वेगळ्या मोजमापाचा विचार चालू आहे. देवनागरीची अडचण निराळी. मोठ्या मजकुराची सवलत 18 पॉइंटला, किंवा ठळक असेल तर 14 पॉइंटला मिळते. पण तेवढ्याच पॉइंटात मराठी अक्षराला वरची वेलांटी, खालचा उकार आणि जोडाक्षर एवढं सगळं बसवावं लागतं. फिकट रंगात आधी अनुस्वार आणि रफार जातात. म्हणून मराठी बटणाला 3 वर न थांबता, अक्षर मोठं असलं तरी, 4.5 चाच निकष लावावा.